फोटोतला स्क्रू गेज

फोटोत स्क्रू गेजच्या जबड्यांत तार धरलेली दिसते. आडव्या मुख्य पट्टीवर २ मिलिमीटरची रेघ उघडी आहे, तिच्यापुढची अर्ध्या मिलिमीटरची रेघही. म्हणजे २.५ झाले. फिरत्या नळीवर ५० भाग आहेत आणि एका फेरीत ती अर्धा मिलिमीटर सरकते, म्हणून एक भाग ०.०१ मिलिमीटरचा. आडव्या रेषेसमोर ३८वा भाग आहे. वाचन २.८८.

चकवा त्या अर्ध्या रेघेत असतो. ती नळीच्या काठाशी अर्धवट डोकावत असेल, तर नळीवरचा आकडा बघावा. तो ४७-४८ असेल, तर फेरी अजून पुरी व्हायची आहे आणि ती रेघ धरायची नाही. तो २-३ असेल तर धरायची. इथे चुकलो की थेट अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो.

आता दुसरा फोटो हवा, जबडे रिकामे मिटलेला. तो नसेल तर पहिल्यावर फार विसंबू नये. समजा त्यात रेषेसमोर ० ऐवजी ४७ आहे. नळी शून्यापुढे तीन भाग जास्त वळली, म्हणून त्रुटी उणे ०.०३. वाचनातून त्रुटी वजा करायची. उणे वजा केले की बेरीज होते, म्हणून तारेचा व्यास २.९१ मिलिमीटर. मिटल्यावर ३ दिसले असते, तर त्रुटी अधिक ०.०३ आणि उत्तर २.८५.

कॅमेरा मात्र रेषेच्या नेमका समोर हवा. नळीचा काठ पट्टीहून किंचित उंच असतो, त्यामुळे वरून किंवा खालून टिपलेल्या फोटोत एखादा भाग सहज सरकलेला दिसतो.