जीभ घसरते तेव्हा वाक्य कसं तयार होतं ते दिसतं



"काल पाऊस पडला" असं म्हणायला गेलेलं मूल कधी कधी "पाल पाऊस पडला" म्हणून जातं. वर्ग हसतो, मूल लगेच सुधारतं आणि विषय संपतो. पण जरा थांबून विचार करा. 'पाल'मधला तो 'प' आला कुठून? 'पाऊस' हा शब्द तर अजून उच्चारायचाच होता. म्हणजे 'काल' तोंडात असतानाच 'पाऊस' मनात तयार होऊन बसला होता आणि त्याचा पहिला ध्वनी रांग मोडून पुढे आला. आपण एकेक शब्द शोधत बोलत नाही, वाक्याचा पुढचा भाग आधीच मांडून ठेवतो, हे या एका चुकीतून कळतं. अशा चुका तीन ठिकाणी होतात आणि प्रत्येक ठिकाणी वाक्यरचनेची वेगळी पायरी दिसते.

१. ध्वनींची अदलाबदल

दोन शब्दांचे सुरुवातीचे ध्वनी आपसात बदलले की त्याला 'स्पूनरिझम' म्हणतात. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे प्रमुख विल्यम स्पूनर (१८४४–१९३०) यांच्यावरून हे नाव पडलं. त्यांच्या नावावर सांगितले जाणारे बहुतेक किस्से मात्र इतरांनी रचलेले आहेत.

आपल्या जिल्ह्यातली दोन गावं घेऊ. "तिरोडा-देवरी" म्हणताना जीभ घसरली तर काय होईल? "दिरोडा-तेवरी". आता नीट बघा. 'त' आणि 'द' यांनी जागा बदलल्या, पण 'इ' आणि 'ए' हे स्वर आपापल्या जागीच राहिले. अख्खं अक्षर हललं असतं तर "देरोडा-तिवरी" झालं असतं. "चहा-पोहे"चं "पहा-चोहे" होतं तेही याच पद्धतीने. आपण मुलांना 'ति', 'दे', 'पो' अशी पूर्ण अक्षरं शिकवतो. पण बोलण्याची तयारी करताना मन त्या अक्षराच्याही आत जातं आणि व्यंजन व स्वर वेगवेगळे हाताळतं.

"गरम भजी"चं "भरम गजी" झालं तर मात्र यातलं काहीच ठरवता येत नाही, कारण दोन्हीकडे स्वर 'अ'च आहे. म्हणून उदाहरण निवडताना स्वर वेगळे असलेले शब्द घ्यावेत.

मुलं मुद्दाम बोलतात त्या 'च'च्या भाषेशी याची तुलना करून बघा. तिथे 'मला'चं 'चलाम' होतं, म्हणजे पहिलं अक्षर उचलून शेवटी नेलं जातं. तो ठरवून खेळलेला खेळ आहे. जीभ घसरते तेव्हा आपण काहीच ठरवलेलं नसतं, म्हणून तिथे आतली रचना उघडी पडते.

२. शब्द हलतात, प्रत्यय हलत नाहीत

मराठीच्या शिक्षकांसाठी हा सगळ्यात उपयोगाचा भाग आहे. आई म्हणते, "डब्यात पोळी ठेव." घाईत तोंडातून निघतं, "पोळीत डबा ठेव." इथे दोन नामांनी जागा बदलल्या. पण सप्तमीचा 'त' नामाबरोबर गेला नाही. तो पहिल्या जागेवरच थांबला आणि तिथे जो शब्द आला त्याला लागला.

अजून एक गोष्ट घडली. 'डबा'चं सामान्यरूप 'डब्या'. नुसता शब्द उचलून ठेवला असता तर "पोळीत डब्या ठेव" झालं असतं. तसं कुणी म्हणत नाही, 'डबा' असंच म्हणतो. उलट्या बाजूनेही तपासा. "भिंतीवर पंखा लाव" हे घसरलं तर "पंख्यावर भिंत लाव" होतं. इथे 'पंखा' आपोआप 'पंख्या' झाला. बोलणाऱ्याची शब्दाची निवड चुकली, पण व्याकरण चुकलं नाही.

यावरून क्रम लावता येतो. आधी वाक्याचा सांगाडा तयार होतो: इथे नाम, त्याला 'त', मग दुसरं नाम, मग क्रियापद. त्या सांगाड्यात शब्द बसवले जातात. बसलेल्या शब्दाला त्या जागेप्रमाणे रूप मिळतं आणि त्यानंतर ध्वनी जुळवले जातात. अमेरिकेत व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी लोकांच्या अशा चुका वर्षानुवर्षं टिपून ठेवल्या आणि १९७१ मध्ये दाखवून दिलं की त्या वेड्यावाकड्या नसतात, भाषेचे नियम पाळूनच होतात. पुढे १९७५ मध्ये मेरिल गॅरेट यांनी दोन प्रकारांतला फरक मांडला. शब्दांची अदलाबदल सहसा एकाच जातीच्या शब्दांत होते, नामाची नामाशी, आणि त्यांच्यात बरंच अंतर असू शकतं. ध्वनींची अदलाबदल जवळजवळच्या शब्दांत होते आणि तिला शब्दाच्या जातीशी फारसं देणंघेणं नसतं. दोन्हींचे नियम वेगळे, म्हणून पायऱ्याही वेगळ्या.

३. शब्द ओठावर आहे, पण येत नाही

"अहो सर, ते... दिशा दाखवतं ते... 'हो'ने सुरू होतं..." मुलाला 'होकायंत्र' हवं असतं. अर्थ पक्का माहीत आहे, पहिलं अक्षरही हाताशी आहे, पण पूर्ण शब्द सापडत नाही. १९६६ मध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवले. ज्यांना शब्द 'ओठावर' असल्यासारखा वाटला, त्यांना त्याचं पहिलं अक्षर निम्म्याहून अधिक वेळा बरोबर सांगता आलं. इटालियन भाषेत तर असंही दिसलं की शब्द आठवत नसताना लोकांना त्याचं लिंग सांगता येतं.

म्हणजे अर्थ, लिंग आणि ध्वनी हे एका झटक्यात एकत्र येत नाहीत. अर्थ आधी मिळतो, ध्वनी नंतर. म्हणून मूल अडलं की "अभ्यास केला नाहीस" असं लगेच म्हणू नका. ज्याला उत्तर येत नाही ते मूल गप्प बसतं किंवा काहीतरी भलतंच सांगतं. ज्याचा शब्द ओठावर आहे ते त्या शब्दाबद्दल खूप काही सांगतं. अशा वेळी पूर्ण शब्द सांगण्याऐवजी "होका..." इतकं सुचवा. पुष्कळदा बाकीचं ते स्वतःच पूर्ण करतं.

घसरण कोणती, बोली कोणती?

आपल्या जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी मुलं एकाच वर्गात बसतात. 'पाणी'ला 'पानी' म्हणणं ही जिभेची घसरण नाही, तो त्या बोलीतला नेहमीचा उच्चार आहे. ओळखायची खूण सोपी आहे. घसरण एकदाच होते आणि बोलणारा बहुधा स्वतःच थांबून सुधारतो. बोलीतलं रूप दर वेळी तसंच येतं आणि बोलणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. घसरणीला सुधारण्याची गरजच नसते. बोलीच्या बाबतीत प्रमाण मराठीतलं रूप जोडीला शिकवायचं असतं, बोलीतलं खोडायचं नसतं.

वर्गात करून बघा

सामान्यरूप शिकवताना फळ्यावर "झाडावर आंबा आहे" लिहा आणि मुलांना नामांची अदलाबदल करायला सांगा. "आंब्यावर झाड आहे" असं मुलं न शिकवता म्हणतील. मग विचारा, 'आंबा'चा 'आंब्या' का झाला आणि 'झाडा'चं 'झाड' का झालं? नियम मुलांच्याच तोंडून निघेल.

आणि एक वही ठेवा. ऐकलेली घसरण, जे म्हणायचं होतं ते आणि तारीख एवढंच लिहा, मुलाचं नाव नको. "डब्यात पोळी ठेवली" हे घसरून "पोळीत डबा ठेवला" झालं की "पोळीत डबा ठेवली", इकडे खास लक्ष द्या. 'ठेवला' आलं तर क्रियापदाचं लिंग अदलाबदलीनंतर ठरलं, 'ठेवली' आलं तर ते आधीच ठरून गेलं होतं.