जानवं धर्माचं की जातीचं?

1606 साली रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट पाद्री मदुराईत आला, तेव्हा तिथे गोन्सालो फर्नांडिस हा जुना पाद्री आधीपासून काम करत होता. शाळा होती, दवाखाना होता. पण वरच्या जातींतला कोणी बाप्तिस्म्याला तयार होईना. कारण सरळ होतं. तिथले लोक पोर्तुगीजांना ‘परंगी’ म्हणत. परंगी म्हणजे गोमांस खाणारा, दारू पिणारा. ख्रिस्ती होणं म्हणजे परंगी होणं, अशीच समजूत होती.

नोबिलीने काळा झगा उतरवून भगवी वस्त्रं घातली, मांस सोडलं, ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला. तमिळबरोबर तो संस्कृतही शिकला. नवख्रिस्ती ब्राह्मणांना त्याने शेंडी, जानवं आणि गंध ठेवू दिलं. ही कुळाची, दर्जाची चिन्हं आहेत, पूजेची नव्हेत, असं त्याचं म्हणणं.

फर्नांडिसने वरिष्ठांकडे तक्रार केली: हा मूर्तिपूजाच चालवून घेतो. 1619 मध्ये गोव्यात धर्मसभा भरली. तिथे आर्चबिशप त्याच्या विरोधात गेले आणि प्रकरण रोमला पोहोचलं. 1623 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी जानवं, शेंडी, गंध, स्नान यांना परवानगी दिली. अट अशी, की त्यांमागे मंत्र वा मूर्तिपूजेचा विधी नको.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच होती. जानवं राखलं, तशी शिवाशिवही राखली गेली. खालच्या जातींच्या ख्रिस्तींसाठी वेगळे पाद्री नेमावे लागले.