पत्र्याच्या शेडला भीती वजनाची नसते

एप्रिल-मे महिन्यात विदर्भात दुपारी आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो, दहा-पंधरा मिनिटं वारा सुटतो आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी गोदामाचे पत्रे शेजारच्या शेतात सापडतात. आपण म्हणतो, वाऱ्याने पत्रे उडवले. पण वारा आडवा वाहतो, मग पत्रा वर कसा जातो? आणि पत्र्याखालच्या लोखंडी कैचीचं त्या वेळी नेमकं काय होतं? कैचीच्या एकाच सांध्यावर नजर ठेवली तर याचा उलगडा होतो.

नागपूरजवळच्या बुटीबोरीत एक साधी शेड आहे असं समजा. रुंदी 18 मीटर, छपराचा उतार 10 अंश, दर 6 मीटरवर एक कैची. कैचीच्या वरच्या तिरप्या अँगलला ठरावीक अंतरावर आतले उभे-तिरपे अँगल येऊन मिळतात. या सांध्याला अभियंते पॅनेल पॉइंट म्हणतात. आपल्या कैचीत असे सांधे आडव्या मापाने दर दीड मीटरवर आहेत. एका कैचीवरून दुसऱ्या कैचीवर जाणाऱ्या पर्लिन बरोबर या सांध्यांवर बसवलेल्या आहेत आणि पर्लिनवर पत्रा आहे. कौलारू घरात रिपांचं जे काम, साधारण तेच इथे पर्लिनचं.

पर्लिन सांध्यावरच का? कैचीचा प्रत्येक अँगल ताणला किंवा दाबला जावा, वाकवला जाऊ नये, अशी तिची रचना असते. भार सांध्यावर आला तर तो अँगलांच्या लांबीतून सरळ निघून जातो. दोन सांध्यांच्या मधे आला तर वरचा अँगल काठीसारखा वाकू लागतो. पत्र्याची लांबी जुळत नाही म्हणून पर्लिन हातभर सरकवणारे फॅब्रिकेटर बरेच असतात. त्या हातभराने कैचीचा हिशेब बदलतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता आपल्या सांध्याच्या वाट्याला छपराचा किती भाग येतो ते पाहू. कैचीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर आणि उतारावर दीड मीटरपेक्षा किंचित जास्त, म्हणजे सुमारे 9 चौरस मीटर. एवढ्या पत्र्याचं वजन स्क्रू-वाशरांसकट 45 किलोच्या आसपास. सहा मीटर पर्लिनचे 35 किलो. कैचीच्या स्वतःच्या वजनातला वाटा साधारण 100 किलो. बेरीज 180 किलो. बस्स, एवढंच. दुरुस्तीला चढणारी माणसं, त्यांचं सामान यासाठी भारतीय मानकाप्रमाणे या उताराच्या कैचीवर आणखी सुमारे 450 किलो धरतात. पण वादळात छपरावर कुणी नसतं, म्हणून आपल्या हिशेबात ते येत नाहीत.

वाऱ्याचा हिशेब IS 875 या मानकाच्या तिसऱ्या भागात आहे. त्यात नागपूरचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे (मुंबईचाही तेवढाच, पुण्याचा 39). मोकळ्या रानातल्या, दहा मीटरपर्यंत उंचीच्या शेडवर या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे 116 किलो होतो. एका कैचीच्या वाट्याला शंभरावर चौरस मीटर छप्पर येतं आणि वाऱ्याचा झोत एवढ्या सगळ्या छपरावर एकाच क्षणी सारख्या जोराने लागत नाही. अशा कारणांसाठी मानक काही सूट देतं, मात्र 30 टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे कैचीसाठी राहतात 81 किलो.

हा दाब छपराला खाली ढकलत नाही, ही मेख आहे. भिंतीवर आदळलेला वारा वर चढतो, वळचणीच्या धारेवरून सुटतो आणि उताराला चिकटून न राहता त्याच्यापासून अलग होतो. त्या फटीत दाब कमी पडतो आणि छप्पर वर ओढलं जातं. 10 अंशांच्या उतारावर वाऱ्याकडच्या बाजूला ही ओढ मूळ दाबाच्या 1.2 पट धरतात, पलीकडच्या बाजूला 0.4 पट. उतार 30 अंशांचा असता तर वाऱ्याकडच्या बाजूची ओढ मानकानुसार शून्यावर आली असती. कोकणातली उभ्या उताराची, पत्र्याच्या कितीतरी पट जड कौलांची छपरं आणि आपली ही चपटी, हलकी शेड यांच्यात वाऱ्याच्या दृष्टीने काहीच साम्य नाही.

आणि मग शटर. वाऱ्याच्या बाजूचं मोठं शटर उघडं असलं की वारा आत शिरतो आणि शेड पिशवीसारखी फुगते. आतून वर ढकलणारा हा दाब, भिंतीतली उघडी जागा मध्यम असली तर, 0.5 पट धरतात. सगळं नीट बंद असेल तर 0.2 पट. उघड्या शटरसाठी 1.2 आणि 0.5 मिळून 1.7. आपल्या सांध्यावर ओढ येते जवळजवळ 1,260 किलोंची. पत्र्याला काटकोनात असल्याने तिचा सरळ वरचा भाग 1,240. त्यातून 180 वजा केले तरी सांधा 1,060 किलोंनी वर खेचला जातो. खाली ओढणाऱ्या वजनाच्या जवळजवळ सहापट!

अंतिम आराखड्यात हे अंतर आणखी वाढतं. वाऱ्याची ओढ दीडपट धरतात आणि वजन मात्र 0.9 पटच, कारण इथे वजन आपल्या बाजूने असतं आणि आपल्या बाजूच्या गोष्टीवर फार विसंबू नये. वळचणीच्या सांध्याला अर्धाच भाग मिळतो. आढ्याच्या सांध्याला दोन्ही उतारांकडून अर्धा-अर्धा.

हा भार उलटल्याचा खरा फटका कैचीच्या खालच्या आडव्या अँगलला बसतो. एरवी तो दोरीसारखा ताणलेला असतो, म्हणून सडपातळ चालतो. ओढ वर लागली की तोच दाबला जातो, आणि सडपातळ अँगल दाबला की बाजूला फुगतो. वरच्या अँगलला पर्लिन धरून ठेवतात. खालच्याला धरायला कुणीच नसतं. त्यासाठी कैच्यांना खालून एकमेकींशी जोडणारे लांब टाय आणि त्यांना बांधून ठेवणारं ब्रेसिंग हवं. खर्च वाचवताना बहुधा हेच पहिल्यांदा गळतं. वादळानंतर शेडच्या एका टोकाला उभं राहून खालच्या अँगलांच्या रांगेकडे पाहा. एखादा धनुष्यासारखा बाजूला गेलेला दिसला तर छप्पर जागेवर असूनही कैची हरलेली आहे. स्क्रूभोवतीची भोकं लांबट झाली असतील तर पत्रा सुटण्याच्या बेतात आहे.

सगळ्या सांध्यांची बेरीज केली तर वजन वजा जाऊन एक कैची सुमारे नऊ टनांनी वर उठू पाहते. वाऱ्याकडच्या खांबाच्या वाट्याला त्यातले साडेपाच टन येतात. ‘हलकी शेड आहे, पाया कशाला खोल हवा’ हे वाक्य त्यामुळेच उलटं आहे. खांबाचं वजन आणि वरची माती सोडली तर साडेपाच टन नुसते तोलून धरायलाच सव्वादोन घनमीटरहून जास्त काँक्रीट लागतं, आणि त्यात गाडलेले अँकर बोल्ट उपटले न जाण्याइतके लांब लागतात.

शेड बांधून घेत असाल तर आराखड्यात प्रत्येक सांध्यावर दोन आकडे मागा: खाली किती आणि वर किती. ‘वर’चा आकडा दिला असेल, तर तो काढताना शटर उघडं धरलं होतं की बंद, एवढं विचारा.