शेवटचा माईक तुझा!

फेअरवेलच्या सीझनमध्ये हल्ली भाषणांपेक्षा रोस्ट जास्त होतात. शाल-श्रीफळवाला निरोप समारंभ सरांसाठी, आणि रोस्ट आपल्यासाठी. एक खुर्ची स्टेजच्या मध्यभागी, त्यात बिचारा बकरा किंवा बकरी, आणि दोन्ही बाजूंना त्याचे जिवलग मित्र, हातात कागद घेऊन. तासभर त्याची यथेच्छ धुलाई होते. मग शेवटी अँकर म्हणतो, "आता उत्तर द्यायला येतोय...", आणि माईक त्या खुर्चीतल्या माणसाच्या हातात जातो.

गेल्या वर्षी त्या खुर्चीत मी होते. माझ्याकडे साडेचार मिनिटांचं भाषण लिहून तयार होतं. त्यातली चार मिनिटं मस्त गेली. उरलेल्या अर्ध्या मिनिटाबद्दल पुढे सांगते, कारण त्या अर्ध्या मिनिटामुळेच मी हा लेख लिहितेय.

रोस्टची ही पद्धत मूळची अमेरिकेतली. न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या फ्रायर्स क्लबमध्ये नटमंडळी आपल्याच एखाद्या सन्माननीय सभासदाला जेवणाच्या टेबलावर बोलावून सोलून काढायची. नियम एकच, ज्याच्यावर जीव आहे त्याचंच रोस्ट करायचं. म्हणजे मुळात तो सत्कारच होता, फक्त उलटा घातलेला. आणि सत्कार म्हटलं की आपल्याकडे पत्रिकेत शेवटची ओळ काय असते? 'सत्काराला उत्तर'. रोस्टमधलं शेवटचं भाषणही तेच आहे. फरक इतकाच, की सत्कारमूर्ती सगळ्या कौतुकानंतर नम्र होते, आणि रोस्टमूर्तीला सगळ्या अपमानानंतर आधी चावून मग नम्र व्हायचं असतं.

आपल्याकडे रोस्ट हा शब्द घरोघरी पोचला तो डिसेंबर २०१४ मध्ये वरळीला झालेल्या एआयबीच्या कार्यक्रमामुळे. रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर खुर्चीत, करण जोहर रोस्ट मास्टर. पुढच्या महिन्यात व्हिडिओ आला, पोलीस तक्रारी झाल्या, व्हिडिओ काढला गेला. त्या गदारोळात कोण किती घाणेरडं बोललं एवढंच आपल्या लक्षात राहिलं. म्हणून कॉलेजातही सगळी तयारी रोस्ट करणाऱ्यांची होते. खुर्चीतला माणूस शेवटी काय बोलणार, याचा विचार तो स्वतः आदल्या रात्री दोन वाजता करतो.

अभ्यासाला घ्यावं असं एक उदाहरण म्हणजे जस्टिन बीबरचं. मार्च २०१५ मध्ये कॉमेडी सेंट्रल या अमेरिकी चॅनलवर त्याचं रोस्ट झालं, तेव्हा तो नुकताच एकवीस वर्षांचा झाला होता. म्हणजे आपल्या टीवाय-एमएच्या वयाचा. त्याआधीच्या वर्षी मायामीत अटक झालेली, शेजाऱ्याच्या घरावर अंडी फेकल्याचं प्रकरण कोर्टात जाऊन मोठी भरपाई द्यावी लागलेली. लोक वैतागलेले होते. केविन हार्ट रोस्ट मास्टर होता आणि स्टेजवर स्नूप डॉग, शकील ओनील, मार्था स्टुअर्ट अशी मंडळी. सगळ्यांनी त्याला व्यवस्थित धुतलं.

मग तो उठला. आधी त्याने एकेका रोस्टरचा समाचार घेतला. लोक हसले. नंतर मात्र तो थांबला आणि सूर बदलला. आपण बारा-तेरा वर्षांचे असताना या सगळ्यात ओढले गेलो, अशा आयुष्याची तयारी कोणी करून घेत नाही, काही गोष्टींचा आपल्याला अभिमान वाटत नाही, असं तो सांगू लागला. त्याने माफी मागितली आणि पुढे बरं वागायचंय असं म्हणाला. तुम्हाला ते पीआर वाटू शकतं. मलाही थोडं वाटलं. पण क्रम बघा. हाच माफीनामा त्याने सुरुवातीला दिला असता तर लोकांनी त्याला बिचारा म्हटलं असतं. आधी त्याने दाखवलं की मला लागलं तरी मी उभा आहे, मला परत मारता येतं. म्हणून नंतरची नम्रता नाइलाजाची वाटली नाही.

माझं भाषण मी याच सांगाड्यावर बेतलं होतं. पहिलं वाक्य स्वतःवर. कारण तासभर लोक बघत असतात की हिला खरंच राग आलाय का, आणि ते कळेपर्यंत कोणी मोकळेपणाने हसत नाही. मी म्हणाले, "तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं तुम्हाला कोणी सांगितलं, ते मी आज रात्री शोधणार आहे." हॉल सैल झाला.

मग एकेका रोस्टरला एकच फटका. एकच, कारण प्रेक्षक तासभर हसून दमलेले असतात आणि एकाच माणसावर तीन जोक केले की तो हिशेब चुकता केल्यासारखा दिसतो. फटका मारायचा तो माणूस ज्याचा तोरा मिरवतो त्या गोष्टीवर. आमचा एक मित्र स्वतःला दिग्दर्शक समजतो. त्याला म्हटलं, "याची शॉर्ट फिल्म मी तीनदा बघितली. ती शॉर्ट कधी होते याची वाट बघत." आमच्या सीआरला म्हटलं, "हिचा आवाज इतका दमदार की हिने ग्रुपवर मेसेज टाकला तरी ऐकू येतो." दोघंही सगळ्यात मोठ्याने हसली, कारण फिल्म आणि आवाज ही त्यांची कमाई आहे. त्यावर जोक होणं म्हणजे दखल घेणंच. दिसणं, जात, घरची परिस्थिती, बॅकलॉग हे कोणाची कमाई नसतं. तिथे हसू आलं तरी ते अडखळत येतं. आधी हशा, मग अर्धा सेकंद शांतता, मग माना त्या माणसाकडे वळतात. असं झालं की समजायचं, जोक चुकीच्या जागी लागला.

आणखी एक सोय मी ठेवली होती. कागदावर दोन जागा कोऱ्या सोडल्या होत्या, रोस्ट चालू असताना ऐकलेल्या गोष्टींसाठी. कोणी अडखळलं, कोणाचा जोक पडला, ते तिथे टिपायचं. पूर्ण पाठ करून आलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. त्यात एखादं ताजं वाक्य आलं की बाकीचंही आत्ताच सुचल्यासारखं वाटतं.

इथपर्यंत चार मिनिटं. शेवटचा फटका रोस्ट मास्टरसाठी राखून ठेवतात, तसा मीही ठेवला होता. आमचा अँकर माझा सगळ्यात जवळचा मित्र. त्याच्या बाबांची कॉलेजजवळ खानावळ आहे. मी म्हणाले, "याचे जोक आणि याच्या बाबांच्या मेसमधली डाळ एकाच भांड्यात होतात. दोन्हीत पाणीच जास्त."

हॉल कोसळला. संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा. आदल्या दिवशी रूममेटने हे वाक्य काढ म्हणून सांगितलं होतं. मी काढलं नाही, कारण ते चांगलं होतं. तो हसला नाही, हे मी स्टेजवरून बघितलं आणि "थँक यू, लव्ह यू ऑल" म्हणून खाली उतरले. व्हिडिओ रात्रीच ग्रुपवर गेला. तिथून कोणाकोणाच्या स्टेटसवर. दोन दिवसांनी तो काकांनी बघितला. मित्र माझ्याशी तीन आठवडे बोलला नाही.

तेव्हा मला वाटायचं, यार, तासभर तू माझी काढलीस, मी एक वाक्य बोलले तर एवढं काय? नंतर कळलं की हिशेब तसा नसतोच. तासभर मी खाली असते, पण शेवटचा माईक हातात आला की हॉलमधली सगळ्यात ताकदवान व्यक्ती मीच. माझ्यानंतर कोणी बोलणार नसतं. मी सोडलेल्या बाणाला उत्तर नसतं. म्हणून शेवटच्या भाषणातला डंख, आपल्याला बसलेल्या डंखापेक्षा एक पायरी खालीच हवा. आणि काका तर स्टेजवर नव्हतेच. त्यांनी कुठे होकार दिला होता? टॉम ब्रॅडी या अमेरिकी फुटबॉलपटूचं मे २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर लाइव्ह रोस्ट झालं. नंतर त्याने सांगितलं की स्वतःवरचे जोक त्याला आवडले, पण मुलांना जो त्रास झाला त्यामुळे तो पुन्हा असं करणार नाही. खुर्चीतला माणूस स्वतःच्या वतीने होकार देतो, घरच्यांच्या वतीने नाही. हे रोस्ट करणाऱ्यांना लागू आहे, तसंच उत्तर देणाऱ्यालाही.

माझ्या भाषणात आणखी एक भोक होतं. आभारासाठी मी फक्त "लव्ह यू ऑल" ठेवलं होतं. पण सगळ्यांना मिळून मानलेले आभार कोणालाच पोचत नाहीत. एकाच माणसाचे, एकाच प्रसंगाचे, आणि हॉलला माहीत नसलेले आभार मानले तर ते सगळ्यांना पोचतात. असा प्रसंग माझ्याकडे होता. सेकंड इयरला मला व्हायरल झाला होता. आठवडाभर रूमवर पडून होते. रोज दुपारी हाच मित्र डबा घेऊन यायचा. मऊ भात आणि तीच पातळ डाळ. त्याचे पैसे काकांनी कधी लावले नाहीत.

म्हणजे डाळ माझ्या भाषणात असायलाच हवी होती, फक्त तीस सेकंद उशिरा. फटका त्याच्या अँकरिंगवर मारायचा होता: "हा माईकसमोर आला की स्क्रिप्टलाच घाम फुटतो, कारण ती याने वाचलेलीच नसते." मग थांबायचं. हशा पूर्ण ओसरू द्यायचा. आणि त्या आठवड्याच्या डब्याबद्दल सांगायचं, साध्या तीन-चार वाक्यांत. त्यानंतर पुन्हा जोक नाही. कारण आभारानंतरचा जोक आभार पुसून टाकतो. सरळ माईक ठेवून खाली उतरायचं.

ते न बोललेलं भाषण मी शेवटी खानावळीत जाऊन बोलले, प्रेक्षक फक्त काका. माझं बोलणं संपेपर्यंत ते पोळ्या मोजत होते. मग म्हणाले, "अगं, पातळ आहेच की डाळ. चाळीस पोरं जेवतात." आणि ताट वाढलं.

उत्तर कसं द्यायचं, ते मी तिथे शिकले.