झोपेत खाकरतो का?

गणपतीला भावाकडे गेले होते. आरती संपून सगळे प्रसादाला बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की आमचा पिंट्या दर मिनिटाला घसा खाकरतोय. 'ख्रं' करायचा, जरा थांबायचा, पुन्हा 'ख्रं-ख्रं'. भावाने डोळे वटारले. भावजय म्हणाली, "ताई, दोन महिने झाले बघा. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, फ्रिजचं पाणी बंद केलं. घसा काही सुटत नाही."

पिंट्या तिसरीत आहे. शाळेत बाईंनी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, वर्गात मुद्दाम आवाज काढतो म्हणून. हे त्याने घरी सांगितलंच नव्हतं. रात्री माझ्याजवळ झोपला तेव्हा पांघरुणात तोंड घालून म्हणाला, "आत्या, मी मुद्दाम नाही करत. ते येतंच."

त्या रात्री मला झोप लागली नाही. नव्या जागी मला तशीही लागत नाही. पडल्या पडल्या जाणवलं, की शेजारचं पोर तासन् तास शांत आहे. एकदाही खाकरलं नाही. सकाळी उठून दात घासले, दूध प्यायलं, टीव्हीसमोर बसलं आणि पाच मिनिटांत सुरू! घशात कफ अडकला असेल तर तो रात्री आडवं झाल्यावर आणखी त्रास देतो, हे आपण सगळ्या आयांना ठाऊक आहे. मग हा कफ रात्री जातो कुठे?

मी भावजयीला एक काम सांगितलं. औषध बदलायच्या आधी दहा दिवस वहीत लिहायचं. आवाज कधी येतो, तेव्हा तो काय करत असतो, झोपेत येतो का, सोबत शिंका किंवा ताप आहे का. एकच अट घातली. वही त्याच्यासमोर उघडायची नाही आणि मोजताना त्याच्याकडे बघायचं नाही. आमच्या वस्तीतल्या बालवाडीत आम्ही मुलांच्या नोंदी ठेवतो, ती सवय इथे उपयोगी पडली.

ती वही घेऊन आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी ती चक्क बसून वाचली. टीव्ही बघताना, गृहपाठाला बसल्यावर आणि शाळेतून दमून आल्यावर खाकरणं जास्त. कॅरम खेळताना, चित्र काढताना जवळजवळ नाही. मधले दोन दिवस अगदी कमी, तिसऱ्या दिवशी पुन्हा जोरात. झोपेत शून्य. आणि बाबा ओरडले की पाच मिनिटं बंद, नंतर दुप्पट.

मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो आमच्या मनातही आला नसता. "याआधी कधी डोळे मिचकावायचा का?" भावजय एकदम म्हणाली, "हो! मागच्या वर्षी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेला होता. नंबर नव्हता. महिन्याभरात आपोआप गेलं."

डॉक्टरांनी सांगितलं, की या प्रकाराला 'टिक' म्हणतात. डोळे मिचकावणं, खांदे उडवणं, नाक ओढणं, घसा खाकरणं, हुंकार देणं ही सगळी एकाच घरातली भावंडं. एक जातं, दुसरं येतं. साधारण पाच ते सात वर्षांच्या सुमारास सुरू होतं, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतं. शिंक आल्यासारखी आत एक अस्वस्थता दाटते आणि आवाज काढला की क्षणभर मोकळं वाटतं. मूल ते थोडा वेळ दाबू शकतं. म्हणूनच आपल्याला वाटतं, की हा ठरवून करतोय. पण शिंक दाबता आली म्हणून आपण ती मुद्दाम देतो असं थोडंच होतं?

मात्र डॉक्टर तिथेच थांबले नाहीत. पिंट्या सकाळी उठल्यावर शिंकतो आणि तळहाताने नाक वर चोळतो, हेही वहीत होतं. त्यांनी नाक तपासलं. आतून सुजलेलं, फिकट. म्हणजे थोडी अ‍ॅलर्जी होतीच. नाकात मारायचा फवारा त्यांनी चार आठवड्यांसाठी लिहून दिला आणि म्हणाले, "यानं काय थांबतं ते बघू." तिसऱ्या आठवड्यात शिंका गेल्या, नाकाची खाज गेली. खाकरणं होतं तिथेच राहिलं. म्हणजे पोराला दोन्ही होतं! बऱ्याचदा सुरुवात खऱ्या सर्दीनेच होते. सर्दी बरी होते आणि खाकरणं तेवढं मागे राहतं. नुसती झोपेची खूण पुरेशी नाही, हेही त्यांनी बजावलं. काही मुलांचा टिक झोपेतही थोडा डोकावतो, आणि अ‍ॅलर्जीचं मूलही एखादी रात्र शांत झोपतं. सगळं एकत्र बघायचं.

उलटी चूकही होते, बरं का. आमच्या बालवाडीतली एक चिमुरडी खोकायची तर सगळे म्हणायचे, सवय आहे तिला. पण ती पहाटे खोकून उठायची आणि पकडापकडी खेळताना धाप लागून खाली बसायची. तपासल्यावर दमा निघाला. खोकला झोपेतून उठवत असेल, छातीत घुरघुर असेल, ओला खोकला चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल, किंवा दोन आठवडे ताप-खोकला आणि वजन घटत असेल, तर 'सवय' म्हणून बसून राहू नये. ताप-वजनाचं असेल तर क्षयाची तपासणी लागते. खाता-खेळताना ठसका लागून मग अचानक खोकला सुरू झाला असेल, तर काही अडकलंय का ते त्याच दिवशी दाखवावं.

पिंट्याला गोळी दिली नाही. घरात सगळ्यांनी 'खाकरू नको' हे दोन शब्द बंद करायचे, एवढंच औषध. आजींना ते सगळ्यांत कठीण गेलं. त्या दर वेळी कौतुकाने पाण्याचा पेला पुढे करायच्या! तोही बंद केला. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन भावजय शाळेत गेली. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि त्याची जागा दाराजवळ केली, फार आलं तर विचारून बाहेर जाऊन यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत आवाज जवळजवळ गेला. परीक्षेत परत आला, तेव्हा भावजय रडवेली झाली होती. पण हे असं येतं-जातं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग त्यांनी मुलांच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी पिंट्याला शिकवलं, की घशात 'ते' येतंय असं वाटलं की तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि सोडायचा, ती भावना ओसरेपर्यंत. तो हे खेळासारखं करतो. दर वेळी जमत नाही.

बहुतेक मुलांचं हे काही महिन्यांत विरतं. डोळे-खांदे यांच्या हालचाली आणि आवाज असं दोन्ही वर्षभराहून जास्त चाललं, किंवा त्यापायी मुलाचं दुखू लागलं, शाळा नको वाटू लागली, तर मेंदूविकार किंवा मानसोपचार तज्ज्ञांकडे जायचं, तेव्हा औषधांचाही विचार होतो. पिंट्याला आता सात महिने झालेत. पुढची तारीख जूनमध्ये आहे, शाळा सुरू झाल्यावर. परवा फोनवर बोलताना दोनदा खाकरला. मी विचारलं, "कॅरममध्ये राणी कुणी घेतली?"