फोन वाजला, पण आग लागली ती नरसाळ्यामुळे

गेल्या डिसेंबरात आमच्या घरी वलिमा होता. मंडप उभा राहिला, देगी चुलीवर चढल्या आणि संध्याकाळी ऐन वेळी वीज गेली. लहान जनरेटर होता, पण त्यात पेट्रोल नव्हते. नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा पुतण्या, स्कूटर घेऊन निघाला. घरात खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन होता, तो त्याने पायांमध्ये ठेवला. कॅनचे तोंड अरुंद, म्हणून स्वयंपाकघरातले पत्र्याचे नरसाळेही सोबत घेतले.

पंपावरच्या मुलाने आधी नकार दिला. "प्लास्टिकच्या कॅनमध्ये देत नाही, भाई," असे त्याने दोनदा सांगितले. मग पुतण्याने आम्हालाच फोन लावून त्याच्याशी बोलायला लावले. आम्ही म्हणालो, "बेटा, घरात कार्य आहे, दोनशे माणसे अंधारात बसली आहेत, एवढे एकदा दे." त्याने दिले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीत हट्ट आमचा होता.

कॅन स्कूटरच्या पायदानावर, रबराच्या चटईवरच होता. नरसाळे भरून वर येऊ लागले तेव्हा त्या मुलाने नोझल उचलून क्षणभर थांबवले. पेट्रोल खाली उतरल्यावर नोझल पुन्हा नरसाळ्याजवळ नेले. त्याच वेळी पुतण्याच्या खिशातला फोन वाजला आणि कॅनच्या तोंडावर भक्कन जाळ उठला.

पुतण्याच्या उजव्या हाताला भाजले. पॉलिस्टरच्या शर्टाची बाही वितळून कातडीला चिकटली. अल्लाहच्या कृपेने तेवढ्यावर निभावले. घरी मात्र एकच निकाल लागला: फोनमुळे आग लागली. पुतण्यालाही तेच पटले आणि तो महिनाभर स्वतःला दोष देत राहिला. खरे कारण आम्हाला त्या पंपावरच्या वयस्क सुपरवायझर चाचांनी समजावले.

ठिणगी आली कुठून?

पेट्रोल पाइपातून आणि फिल्टरमधून वेगाने वाहते तेव्हा घर्षणाने त्यात स्थिर विद्युतभार साठतो. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तोच हा प्रकार. गाडीच्या लोखंडी टाकीत पेट्रोल भरताना नोझल टाकीच्या तोंडाला टेकलेले असते. नोझलपासून पाइपातल्या तारेमार्गे जमिनीपर्यंत वाट असते, त्यामुळे भार साठत नाही, निघून जातो.

आमच्या कॅनपाशी ही वाट तुटली होती. पत्रा विजेचा वाहक आहे, पण पत्र्याचे नरसाळे बसले होते प्लास्टिकवर आणि प्लास्टिक रबरावर. पेट्रोलबरोबर आलेला भार नरसाळ्यावर साठला आणि त्याला जायला जागा उरली नाही. नोझल नरसाळ्याला टेकवलेले असते तर दोघांचा भार सारखा राहिला असता. पण ते वर धरले होते. दुसऱ्यांदा जवळ आणताच नरसाळ्यावरून नोझलकडे ठिणगी उडाली.

एवढीशी ठिणगी पुरते का? पुरते. पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलीज्यूलच्या साधारण चौथ्या भागाइतकी ऊर्जा लागते. गाडीच्या दाराला हात लावताना बोटाला जो झटका जाणवतो, त्यात याहून जास्त ऊर्जा असते. आणि पेट्रोलची वाफ व्हायला उन्हाची गरज नसते. उणे चाळीस अंशांच्या आसपासही ते पेटण्याजोगी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, कॅनच्या तोंडाभोवती आणि जमिनीलगत पसरून राहते.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हा धोका कोरड्या हवेत वाढतो. दमट हवेत भार हळूहळू निसटून जातो, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात दाराला हात लावून झटका बसत नाही. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या थंडीत तो सहज बसतो. आमची संध्याकाळ तशीच होती.

मग फोनचे काय?

मोबाइल वाजल्याने पंपावर आग लागते, ही समजूत पंचवीसएक वर्षांपासून फिरते आहे. अमेरिकेत पंपांची यंत्रसामग्री बनवणाऱ्या आणि बसवणाऱ्यांच्या संघटनेने पेट्रोल भरताना लागलेल्या दीडशेहून अधिक आगींची माहिती गोळा केली. मोबाइलमुळे आग लागल्याचे एकही प्रकरण त्यांना सिद्ध झालेले आढळले नाही. कितीतरी आगींमागे स्थिर विद्युत होती. तिथे लोक स्वतःच पेट्रोल भरतात. नोझल अडकवून गाडीत जाऊन बसायचे, सीटवर कपडे घासले जायचे आणि परत येऊन नोझलला हात लावताच ठिणगी पडायची.

तरीही पंपावरचा 'मोबाइल वापरू नका' हा फलक चुकीचा नाही. आपला साधा फोन वाफेच्या जागेत वापरण्यासाठी तपासून प्रमाणित केलेला नसतो. तो खाली पडून त्याच्या बॅटरीला इजा झाली तर काय होईल, याची हमी कोणी देत नाही. शिवाय फोनमुळे लक्ष उडते. बोलता बोलता टाकी भरून वाहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून फोन खिशात ठेवावा. पैसे क्यूआर कोडने द्यायचे असतील तर नोझल जागेवर गेल्यावर, टाकीचे झाकण लावल्यावर, गाडीपासून चार पावले बाजूला होऊन द्यावेत.

खरी हानी होते ती सगळा दोष फोनवर टाकल्याने. माणूस फोन बंद करतो आणि प्लास्टिकचा कॅन बिनधास्त पुढे करतो.

त्या दोन मिनिटांत

जाळ दिसताच पुतण्या दचकला, कॅनला त्याचा पाय लागला आणि कॅन लवंडला. पेटते पेट्रोल स्कूटरखाली वाहू लागले. पंपावरच्या मुलाने पहिले काम केले ते नोझलचा खटका सोडण्याचे. मग "आग!" असे ओरडून पुतण्याला दंडाला धरून मागे ओढले. ऑफिसजवळच्या दुसऱ्या मुलाने आपत्कालीन बटण दाबले आणि पंपावरच्या सगळ्या यंत्रांचा पुरवठा थांबला.

तोवर चाचा लाल सिलिंडर घेऊन पोहोचले होते. आत कोरडी रासायनिक पावडर असते. त्यांनी पिन ओढली, वारा पाठीशी राहील असे उभे राहिले आणि ज्वाळांच्या टोकावर न मारता बुडाशी, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत झाडू फिरवावा तशी पावडर मारली. असा मोठा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, म्हणून घाईने लांबूनच सुरू करून चालत नाही. आग विझल्यावरही ते तिथून हलले नाहीत. पावडर ज्वाळा मारते, पण तापलेला धातू थंड करत नाही. खाली पेट्रोल असेल तर ते पुन्हा पेट घेऊ शकते. म्हणून दुसरा सिलिंडर हाताशी ठेवला होता.

कोणीतरी पाण्याची बादली आणली होती. चाचांनी त्याला तिथेच अडवले. पेट्रोल पाण्यावर तरंगते, त्यामुळे पाणी ओतले की आग वाहत दुसरीकडे जाते. उताराच्या बाजूला गटार होते. तिथे दोन मुलांनी लाल बादल्यांतल्या वाळूचा बांध घातला, मग सांडलेल्या पेट्रोलवर वाळू पसरली. पेट्रोल गटारात गेले असते तर त्याची वाफ पाइपातून लांबवर पोहोचली असती आणि पुढे कुठल्यातरी टपरीच्या शेगडीपाशी तिला ठिणगी मिळाली असती.

रांगेतल्या लोकांना एकच सूचना होती: गाडी सुरू करू नका, ढकलत न्या. हे आपल्यालाही लागू आहे. दुचाकीची टाकी वाहून पेट्रोल इंजिनावर सांडले तर लगेच बटण दाबू नये, किक मारू नये. गाडी ढकलत बाजूला न्यावी, झाकण लावावे, पेट्रोल पूर्ण सुकून वास जाईपर्यंत थांबावे. बायको-मुलांना भरण्याआधीच गाडीवरून उतरवावे. आणि भरता भरता टाकीच्या तोंडावर जाळ दिसला तर नोझल ओढून बाहेर काढू नये. ओढल्याने पेटते पेट्रोल आजूबाजूला उडते. खटका सोडून माणसांनी दूर व्हावे, बाकीचे काम सिलिंडरचे.

पुतण्याचा हात त्यांनी नळाखाली वीस मिनिटे धरला. चिकटलेली बाही ओढली नाही, टूथपेस्ट की हळद असे काही लावू दिले नाही. डॉक्टरांनी पुढे सांगितले की त्या पाण्यानेच जखम खोल गेली नाही. कपड्यांनीच पेट घेतला असता तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे. बुरखा, ओढणी, सलवार अनेकदा सिंथेटिक असतात, म्हणून घरातल्या मुलींना हे आधीच सांगून ठेवावे.

पेट्रोल न्यायचेच असेल तर

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात परवान्याशिवाय घरी ठेवायच्या पेट्रोलसाठी घट्ट झाकणाची काच, चिनी माती किंवा धातूची भांडी सांगितली आहेत. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे एक लिटरपेक्षा मोठे नको. प्लास्टिकचा त्यात उल्लेख नाही. आम्ही आता धातूचा कॅन घेतला आहे. पंपावर आधी विचारतो. हो म्हणाले तर कॅन गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवतो, नोझल त्याच्या तोंडाला टेकलेले राहते, धार सावकाश असते आणि वर थोडी जागा रिकामी सोडली जाते. नरसाळे वापरत नाही. नाही म्हणाले तर परत येतो. आमचा प्लास्टिकचा कॅन नुसता जमिनीवर ठेवून हा धोका टळला नसता, कारण नरसाळे तरीही प्लास्टिकवरच असते. एवढेच की तो तसा लवंडला नसता.

झोपताना घरात आग पेटती ठेवू नका, अशी ताकीद आपल्या प्रेषितांनी (स.) दिली आहे. चुलीजवळ किंवा फ्रीजमागे ठेवलेला पेट्रोलचा कॅन त्याच ताकिदीत मोडतो, असे आम्हाला वाटते. जनरेटरमध्ये उरलेले पेट्रोल आता आम्ही घरात आणत नाही.

शेवटची गोष्ट. दुसऱ्या आठवड्यात चाचांना भेटायला गेलो तेव्हा कळले की त्या मुलाला मालकाने कामावरून घरी बसवले आहे. प्लास्टिकमध्ये पेट्रोल दिले, हा त्याचा गुन्हा. आम्ही मालकाच्या समोर बसून सांगितले की त्याने दोनदा नकार दिला होता आणि आम्हीच फोनवरून गळ घातली. आग लागल्यावर त्याने आधी नोझल बंद केले आणि मग आमचे मूल ओढून बाहेर काढले, हेही सांगितले. चार दिवसांनी तो कामावर आला. परवा तिथेच एक गृहस्थ पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मागत होते. त्याने नाही म्हटले. ते हुज्जत घालू लागले, तेव्हा आमचा पुतण्या पुढे झाला आणि बाही वर करून त्याने त्यांना आपला हात दाखवला.