खेकड्याच्या कांडीत खेकडा किती?

वितळलेली एक क्रॅब स्टिक ताटलीत घ्या आणि तिचं टोक नखाने उचला. गुंडाळलेल्या चटईसारखी ती उलगडत जाते. आत पातळ पांढरी पट्टी, तिच्यावर उभ्या चिरा, आणि लाल रंग फक्त बाहेरच्या पापुद्र्याला. चिंबोरीच्या नांगीतलं मांस असं उलगडत नाही, कारण ही पट्टी मुळात माशाची आहे.

उत्तर पॅसिफिकच्या बाजूला त्यासाठी अलास्का पोलॉक वापरतात, आपल्याकडे रत्नागिरीत राणी मासा. डोकं, आतडी, काटे, कातडी काढून उरलेल्या मांसाचा खिमा गार पाण्यात दोन-तीनदा धुतात. रक्त आणि चरबी जाते, वास जातो, आणि पाण्यात विरघळणारी प्रथिनंही वाहून जातात. पिळून मागे राहतो तो जवळजवळ बेचव पांढरा लगदा. हीच सुरिमी.

ती नुसती गोठवली तर प्रथिनं बिघडतात आणि पुढे लगदा घट्ट धरत नाही. साखर मिसळली की हे टळतं, हा शोध 1960च्या सुमारास जपानमधल्या होक्काइदो बेटावर लागला. आजही सुरिमीत साखर आणि सॉर्बिटॉल मिळून साधारण आठ टक्के घालतात. कांडीला किंचित गोडवा येतो त्याचं एक कारण हेच.

खरी करामत मात्र मिठाची. अर्धवट वितळलेली सुरिमी दोन-तीन टक्के मीठ घालून गारच ठेवत तिंबली, की स्नायूंतलं मायोसिन सुटतं आणि लगदा कणकेसारखा चिकट होतो. मग स्टार्च, अंड्याचा पांढरा बलक, तेल, पाणी आणि खेकड्याचा अर्क किंवा स्वाद पडतो. हा लगदा पातळ पसरून वाफवतात, दातेरी रुळांखाली त्यावर बारीक चिरा पाडतात, पट्टी गुंडाळतात, वर रंगीत थर देतात आणि कांड्या कापतात. दाताखाली धागे लागतात ते या चिरांमुळे.

तापवताना एक धोका असतो. 50 ते 60 अंशांच्या आसपास लगदा रेंगाळला, तर माशातली विकरं बसलेली जाळी तोडतात आणि कांडी भुसभुशीत होते. म्हणून हा टप्पा झपाट्याने ओलांडतात. अंड्याचा बलकही त्या विकरांना आवरतो.

आता पोषणाचं. 100 ग्रॅम शिजवलेल्या खेकड्यात 18-19 ग्रॅम प्रथिनं असतात आणि कर्बोदकं जवळजवळ नसतात. तेवढ्याच कांड्यांत प्रथिनं साधारण 7-8 ग्रॅम, कर्बोदकं मात्र 15च्या आसपास, कारण त्यांत स्टार्च आणि साखर आहे. उष्मांक दोन्हींत जवळपास सारखेच, म्हणून नुसत्या कॅलरी पाहून हा फरक कळत नाही. खेकड्यातलं जस्तही कांडीत फारसं मिळत नाही.

पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. सुरिमीच्या आधी पाणी किंवा स्टार्च आलं, तर मासा कमी हे ओळखावं. आणि खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी या कांड्या निर्धास्तपणे खाऊ नयेत. अर्क थोडासाच असला तरी तो खऱ्या खेकड्याचा असू शकतो. मासा, अंडं किंवा गहू ज्यांना चालत नाही, त्यांनीही ही यादी वाचूनच पाकीट घ्यावं.